बुधवार चुकला
एका मॅडमना मी बुधवारी कोटेशन पाठवतो म्हणालो होतो. आज शुक्रवार. दोन दिवस मी गप्प होतो, कारण आकडे पूर्ण झाल्यावरच लिहू असं वाटत होतं. तिथेच चुकलं. उशिरापेक्षा ती शांतता जास्त खुपते. समोरच्याला वाटतं, आत्ताच असं, तर पुढे काय?

आज सकाळी पहिल्या मेलमध्ये तीन ओळींची माफी आणि कारणांचा पाढा होता. तो सगळा खोडला. शेवटी त्याच जुन्या मेलला रिप्लाय करून एवढंच लिहिलं:

"नमस्कार मॅडम, बुधवारी कोटेशन देतो म्हणालो होतो, ते दिलं नाही आणि तसं कळवलंही नाही. माफ करा. कामाचा आवाका ठरला आहे, इन्स्टॉलेशनचा खर्च यायचा आहे. पूर्ण कोटेशन मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत पाठवतो. त्याआधी निर्णय घ्यायचा असेल तर सांगा, अंदाजे आकडा आजच देतो."

सोमवार लिहायचा मोह झाला होता. पण व्हेंडरचा आकडाच सोमवारी दुपारी येणार आहे. दुसरी तारीख चुकली तर तिसरी कोण ऐकणार? सवलतही मुद्दाम दिली नाही. उशिराची भरपाई किमतीत केली की मूळ किमतीवरच शंका येते.

तासाभरात उत्तर आलं: "मंगळवार चालेल. अंदाजे आकडा मात्र आज द्या." आता तोच काढतोय.