टायमिंग पडतंय म्हणून अजून पळवू नका

आमच्याकडं साताऱ्यात शाहू स्टेडियमवर सकाळी पोरं येतात त्यातली एक मुलगी, वय पंधरा, दहावीत, तीन हजार मीटरवाली. नाव नाही लिहीत. डिसेंबरातला दिवस, थंडी मरणाची, आणि त्या दिवशी चारशेचे सहा रिपीट होते, मधे दोन मिनिटं रेस्ट. तिचे हे सहा आरामात ८०-८१ सेकंदांत बसायचे आणि दहापैकी किती जड गेलं विचारलं की सहा म्हणायची. त्या दिवशी पहिला ८१, दुसरा ८४, तिसरा ८८ आणि विचारलं तर म्हणाली, "नऊ, मॅडम." मी तिथंच थांबवलं.

नुसतं टायमिंग पडलं असतं तर एवढं वाटलं नसतं, एखादा दिवस सगळ्यांचाच खराब जातो. पण मानेला बोट लावून दहा सेकंद नाडी मोजली तर २८ ठोके. एरवी ह्याच रिपीटनंतर तिचे ३१-३२ असतात. म्हणजे पोरगी म्हणते जीव गेला आणि हृदय मात्र वर जायलाच तयार नाही, पाय आधीच संपलेत. आणि वही काढली तर सकाळी उठल्या उठल्या अंथरुणात मोजलेली नाडी एरवी ५६-५८, ती दहाएक दिवसांपासून ६६-६८. सकाळची चढलेली आणि पळताना न चढणारी, हे दोन्ही एकत्र दिसलं की मी सावध होते. एकट्या सकाळच्या नाडीवर मी कधीच निर्णय घेत नाही, बारीक ताप असला, झोप झाली नसली, सहामाहीचा पेपर असला तरी ती वाढते.

तिचे वडील कठड्याला उभे होते, ते लगेच आत आले. "मॅडम, जरा ताणा की हिला, कंटाळा करतीय. माणची ललिता बाबर ऑलिम्पिकला गेली ती काय आराम करून गेली का?" माणूस वाईट नाही, पहाटे पाचला स्वतः गाडीवर सोडायला येतो. म्हटलं दादा, ताणायचं का नाही ते नंतर बघू, आधी मला सांगा ही आठवड्यात एकूण पळते किती. माझ्याकडचं मला माहीत होतं, पाच दिवस मिळून ४५ किलोमीटरच्या आसपास. पण मग एकेक बाहेर यायला लागलं. टायमिंग पडायला लागलं म्हणून ते तिला संध्याकाळी यवतेश्वरच्या घाटात पळवत होते, आठवड्यातून तीनदा. शाळेत क्रॉस कंट्रीची तयारी वेगळी. रविवारी चुलतभावाबरोबर पोलीस भरतीच्या पोरांत. मी तिथंच वहीत बेरीज केली तर ७५ किलोमीटर होत होते, त्यात चढ, आणि पूर्ण सुट्टीचा एक दिवस नाही. प्रत्येकानं आपल्यापुरतं बेतानंच दिलं होतं, पण पाय एकच जोडी होती. आणि जेवढं टायमिंग पडत होतं तेवढा घाट वाढत होता, म्हणून अजून पडत होतं.

वडिलांना चहा आणायला पाठवलं आणि तिच्याशी बाजूला बसून बोलले. झोप? "पडते पण लागत नाही मॅडम." सर्दी महिनाभर हटेना. मैत्रिणींशी बोलावंसं वाटत नाही, पहाटे बूट बघितले की रडू येतं. जी पोरगी वॉर्मअपमधे गप्प बसायची नाही ती ही! मग खाणं विचारलं. पहाटे कोरा चहा, पळून झालं की थेट शाळेची एसटी, पहिलं जेवण एक वाजता डब्यातल्या दोन चपात्या. रात्रीची भाकरी बंद, कारण कुणीतरी सांगितलेलं की वजन उतरलं की टायमिंग येतं. त्यात मार्गशीर्षातले गुरुवार. पाळी विचारली तर मान खाली घालून म्हणाली, चार महिने आली नाही, आणि आईला वाटतंय पळणाऱ्या पोरींचं असंच असतं.

असं नसतं. हे मी सगळ्या कोच लोकांना, विशेषतः पुरुष कोचना, हात जोडून सांगते. नियमित असलेली पाळी तीन महिने आली नाही तर डॉक्टर, यात चर्चा नाही. शरीराला पळण्याएवढं अन्न मिळेना की ते आधी हे बंद करतं, इस्ट्रोजेन खाली जातं आणि मग हाडं कच्ची व्हायला लागतात, तेही ज्या वयात हाडं भरायची त्याच वयात. म्हणून लगेच तिची नडगी अंगठ्यानं वरपासून खालपर्यंत दाबत आले. नडगी आतल्या कडेनं लांबवर दुखली तर बहुतेक वेळा साधं शिन स्प्लिंट असतं. हिचं रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी बोट टेकलं आणि पोरगी कळवळली. रात्री झोपेतही तिथंच ठणकायचं. ती कुणाला बोलली नव्हती कारण राज्य स्पर्धेतून नाव कापलं जाईल ही भीती.

त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडं पाठवलं. एक्सरे स्वच्छ आला आणि वडील खुश झाले, पण हाडाचा असला ताण सुरुवातीला एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही, डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला त्यात दिसला. फ्रॅक्चर झालं नव्हतं, त्याच्या अलीकडची पायरी. रक्तात हिमोग्लोबिन बरं पण फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तळाला गेलेला. पाळीसाठी लेडी डॉक्टरांकडं आईला बरोबर घेऊन पाठवलं.

राज्य स्पर्धा सोडली. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, चालतंय.

पुढचा प्रोग्राम असा केला की डॉक्टर म्हणेपर्यंत, साधारण सहा आठवडे, पळणं पूर्ण बंद. स्विमिंग आणि सायकल, तेही गप्पा मारता येतील एवढंच, कारण पळणं काढून त्याजागी सायकलवर तेवढाच घाम काढला तर थकवा तिथंच राहतो. पहाटे ट्रॅकवर यायच्या आधी केळं आणि राजगिऱ्याचा लाडू, झालं की अर्ध्या तासात दूध आणि दोन अंडी, ती मी माझ्यासमोर खायला लावते. भाकरी परत सुरू. उपवास आईनंच बंद केले, मला बोलावं लागलं नाही.

पळणं सुरू केलं ते एक मिनिट जॉग, दोन मिनिटं चालणं असं, एक दिवसाआड. आधी पळण्याचे दिवस वाढवायचे, मग किलोमीटर, आणि स्पीड सगळ्यात शेवटी. दोन गोष्टी एकाच आठवड्यात वाढवायच्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती जागा दुखली तर एक पायरी मागं. आठवड्यात दोन दिवस पूर्ण सुट्टी. तीन हजारची ट्रायल मी तोवर घेणारच नाही जोवर सकाळची नाडी जुन्या जागी येत नाही, झोप लागत नाही आणि पाळी परत सुरू होत नाही, कॅलेंडर काही का म्हणेना.

बाकी पोरांच्या वहीतही एक रकाना वाढवलाय, माझ्याकडं सोडून कुठं पळलात. शाळा, भरती, गल्लीतलं क्रिकेट, सगळं लिहायचं. किती मिनिटं गुणिले दहापैकी किती जड गेलं, एवढा साधा हिशोब, आणि एखाद्याचा आकडा एका आठवड्यात एकदम उडी मारला की मी त्याचं माझ्याकडचं कमी करते. शाळेच्या सरांना फोन करून क्रॉस कंट्रीचे दिवस माझ्या हलक्या दिवसांचे म्हणून धरले. सर लगेच तयार झाले, त्यांनाही बाकीचं ठाऊक नव्हतं.

ती सध्या चार दिवस पळते, आठवड्याला वीस-बावीस किलोमीटर, सपाटीला. नाडी ५८ वर आलीय. पाळी गेल्या महिन्यात आली, तिनं स्वतः येऊन सांगितलं. फेरिटिन पुढच्या महिन्यात परत तपासायचंय, तोवर घाट बंद. वडील अजून रोज विचारतात की स्पीड कधी, आणि मी रोज वही पुढं करते.