केशव, बाळ, बळवंतराव

‘सर, टिळकांचे खरे नाव केशव होते, मग ते बाळ कसे झाले? आणि बळवंतराव कुठून आले?’

इतिहासाच्या तासाला हे दरवर्षी कोणीतरी विचारतेच. २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेल्या या मुलाचे केशव हे नाव पूर्वजाच्या नावावरून ठेवले होते. त्या काळी सासरच्या वडीलधाऱ्यांचे नाव सुनेने उच्चारायचे नाही, असा रिवाज होता. त्यामुळे पाळण्यातले नाव पूर्वजाचे असले, की आईच्या तोंडी दुसरेच काहीतरी येई. पार्वतीबाई मुलाला बाळ म्हणत. कारण हेच असावे, असा माझा तर्क आहे. निव्वळ लाडाने म्हणत असतील, तरी नवल नाही. टिळक दहा वर्षांचे असताना, कुटुंब पुण्यात आल्यावर लवकरच, त्या वारल्या. नाव मात्र टिकले.

डेक्कन कॉलेजात सोबत्यांनी दोन टोपणनावे दिली आणि काळाला शोभतील अशी ती दोन्ही इंग्रजी होती. तोंडावर सडेतोड बोलतो म्हणून ‘मिस्टर ब्लंट’, आणि नाजूक प्रकृतीच्या मित्रांच्या औषधांच्या बाटल्या फेकून देण्यासारख्या खोड्या काढतो म्हणून ‘डेव्हिल’, असे सांगतात. पहिले वर्ष तालमीत घालवून कमावलेल्या शरीरापुढे तक्रार करायला कोण धजणार? पण वसतिगृहाबाहेर ही नावे फारशी गेली नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. आपल्याकडे लाडाचे नाव घरात राहते आणि भारदस्त नाव कागदावर चढते. टिळकांच्या बाबतीत हे उलटे झाले. १८७७ मध्ये बी.ए. आणि १८७९ मध्ये एलएल.बी. झालेल्या, पुढे वर्तमानपत्र चालवणाऱ्या गृहस्थाला चारचौघांत ‘बाळ’ अशी हाक मारणे कोणालाच शक्य नव्हते. म्हणून बोलण्यात बाळचे बळवंत झाले आणि त्याला रीतीप्रमाणे ‘राव’ जोडला गेला. कागदावर मात्र बाळच राहिला. १८९३ च्या ‘ओरायन’ या इंग्रजी ग्रंथावर लेखक म्हणून बाळ गंगाधर टिळक असेच छापले आहे. त्याहून विलक्षण म्हणजे, १८९७ चा राजद्रोहाचा खटला कायद्याच्या अहवालात ‘सम्राज्ञी विरुद्ध बाळ गंगाधर टिळक’ या अर्थाच्या शीर्षकाने नोंदला आहे, आणि १९०८ च्या खटल्यातही आरोपीचे नाव तेच आहे. आईने घरात मारलेली हाक साम्राज्याच्या न्यायालयाने दोनदा अधिकृत केली, असे मी मुलांना सांगतो, तेव्हा वर्गात हशा पिकतो.

‘लोकमान्य’ रूढ झाल्यावर बळवंतरावही मागे पडले. आता पुस्तकांत लोकमान्य आणि बाळ गंगाधर अशी जोडी भेटते. केशव मात्र प्रश्नमंजूषेपुरता उरला आहे.