काळी माती, चिबड रान आणि वाढदिवसाची विशेषणं

"मी आक्काला दरवर्षी 'तू अमेझिंग आहेस, वंडरफुल आहेस, माझ्यासाठी लई स्पेशल आहेस' असंच लिहितो. मनापासून लिहितो, तरी वाचताना कोरडं का वाटतं? आणि हे शब्द काढले तर लिहायचं तरी काय?"

तुम्ही विचारलंत म्हणून रानापासून सुरुवात करते, कारण विशेषण कसं वापरावं हे आपल्याकडच्या शेतकऱ्यांना फार नेमकं कळतं. कुणी 'चिबड रान' म्हणालं की ऐकणाऱ्याला लगेच कळतं, तिथं पाणी साचतं आणि तूर उधळून जाईल. 'मुरमाड' म्हटलं की पावसानं ओढ दिल्यावर तिथलं पीक आधी माना टाकणार. 'काळी, भारी' म्हटलं की ओल धरून ठेवणारी, रब्बीच्या ज्वारीला चालणारी जमीन. तीन शब्द, तीन वेगळी रानं, आणि प्रत्येक शब्दानं काय पेरायचं ते बदलतं. विशेषणाचं काम हेच असतं. हजार गोष्टींतून ते एक वेगळी काढून दाखवतं.

आता 'अमेझिंग' घ्या. या शब्दानं कुणाला वेगळं काढलं? आक्काला अमेझिंग म्हणता येतं, शेजारच्या काकूंना म्हणता येतं, नव्या मोबाइललाही म्हणता येतं. 'वंडरफुल' जोडलं तर आणखी कुणी गळत नाही, घोळका तेवढाच राहतो. मराठी शब्द घेतले तरी सुटका नाही. 'अप्रतिम' म्हणजे ज्याला तोड नाही. 'अद्वितीय' म्हणजे ज्याला दुसरा नाही. दोन्ही शब्द एकच गोष्ट सांगतात, म्हणजे 'अप्रतिम आणि अद्वितीय' असं लिहिलं की एकच वाक्य दोनदा म्हटलं. ती व्यक्ती आवडते एवढंच त्यातून समजतं, आणि ते तर शुभेच्छा पाठवल्या तेव्हाच समजलेलं असतं.

विशेषणांची रांग का लागते, हेही पाहायला हवं. पहिला शब्द लिहिल्यावर आपल्यालाच जाणवतं की मनात आहे तेवढं यात आलं नाही. म्हणून दुसरा, मग तिसरा. माया खरी असते, ती ओतायला भांडं मात्र चुकीचं घेतलेलं असतं. वाचणाऱ्यापर्यंत रांग पोचते, तिच्यामागची ओढ पोचत नाही. आक्काच्या डोळ्यांपुढं काहीच उभं राहत नाही, कारण त्यात पाहण्यासारखं काही नसतंच.

ओळखायची खूण सोपी आहे. लिहिलेल्या मजकुरातलं नाव खोडून दुसऱ्या कुणाचंही नाव टाका. मजकूर तसाच चालला तर तो आक्कासाठी लिहिलेला नाही. आपल्याकडं १ जूनला हे फार दिसतं. शाळेत नाव घालताना ज्यांची जन्मतारीख घरी कुणाला सांगता आली नाही, त्यांची गुरुजींनी १ जून लावून टाकली. त्यामुळं त्या सकाळी एकेका भावकीच्या ग्रुपवर पाच-सहा वाढदिवस असतात आणि एकच मजकूर पुढं पुढं सरकवला जातो. सगळ्यांना बसेल असा मजकूर हवा, म्हणून शब्दही सगळ्यांना बसणारेच निवडले जातात. पोकळपणाचं मूळ तिथं आहे.

आता तुमच्या आक्काकडं येऊ. समजा तुम्ही अकरावी-बारावीला लातूरला तिच्याकडं राहिलात, आणि मजकूर असा आहे: 'माझी अमेझिंग, प्रेमळ, कष्टाळू आणि खूप स्पेशल आक्का, वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा.'

कागद घ्या आणि एकेका विशेषणाखाली लिहा: कशावरून? 'अमेझिंग' आणि 'स्पेशल' इथंच गळतील, कारण त्यांना उत्तरच सुचत नाही. त्यांच्यावर वेळ घालवू नका. 'प्रेमळ' आणि 'कष्टाळू' यांच्याखाली काहीतरी येईल. बहुतेक पहिल्यांदा येईल ते असं: 'ती नेहमी माझी काळजी घ्यायची.' इथं पुष्कळ जण थांबतात, आणि इथंच थांबायचं नाही. 'नेहमी' आणि 'घ्यायची' या दोन शब्दांनी ते वाक्य पुन्हा विशेषणच झालंय, फक्त त्याला क्रियापदाचा सदरा घातलाय. रीती भूतकाळात वर्षानुवर्षांचं सगळं एकत्र कालवलं जातं. स्वतःला पुढं विचारा: कधी? एकदाच घडलेलं काय आठवतं? कुठल्या महिन्यात, घरात कुठं, दिवसा की रात्री?

मग २०१६ चा उन्हाळा येतो. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तो एप्रिल. प्रवेश परीक्षेची तयारी चालू, आक्काचं घर दुसऱ्या मजल्यावर. आणि मग ती एक रात्र येते. मजकूर असा होतो:

'आक्का, त्या एप्रिलमध्ये रात्री दोनला टँकर आला तेव्हा तू एकटीनं आठ घागरी वर आणल्यास. मला उठवलं नाहीस, कारण सकाळी माझी टेस्ट होती. मी निघालो तेव्हा जिना ओला होता, तेव्हा कळलं.'

यात एकही कौतुकाचा शब्द नाही. 'प्रेमळ' आणि 'कष्टाळू' हे आक्का स्वतः वाचून काढेल, आणि स्वतः काढलेलं ती खरं मानेल. तुम्ही सांगितलं असतं तर 'असू दे रे' म्हणून तिनं बाजूला सारलं असतं. सगळ्यात जास्त काम ओला जिना करतो. टँकर तर त्या वर्षी प्रत्येक गल्लीत येत होता. ओल्या जिन्यावरून मात्र कळतं की तुमचं लक्ष होतं. माझ्या मते शुभेच्छेत एकच अशी गोष्ट पुरते, दुसरी घातली की पहिलीवरची नजर हलते. डबा, वह्यांची कव्हरं, तापात डोक्यावर ठेवलेली पट्टी हे पुढच्या वर्षांसाठी राहू द्या.

आकड्यांबद्दल एक सांगते. आठ घागरी आठवत असतील तरच आठ लिहा. सजवण्यासाठी वीस लिहिल्यात तर आक्काला पहिल्यांदा तेच खटकेल, कारण घागरी तिनं वाहिल्यात. आठवत नसेल तर 'सगळं पाणी एकटीनं वर आणलंस' असं लिहा, काही बिघडत नाही.

आता उरला शुभेच्छेचा भाग. तिथं विशेषणांची जागा नामं घेतात आणि दुखणं तेच राहतं: सुख, समृद्धी, आरोग्य, यश, कीर्ती, ऐश्वर्य लाभो. इथं आपल्या भाषेतलाच एक शब्द मदतीला येतो. फलकांवर तो बहुतेकदा 'अभिष्टचिंतन' असा ऱ्हस्व छापलेला असतो, पण खरा शब्द अभीष्टचिंतन. अभीष्ट म्हणजे त्या माणसाला जे हवंय ते. म्हणजे आधी तिला येत्या वर्षात काय हवंय ते माहीत असायला पाहिजे. आक्काचे गुडघे दुखतात आणि तिला तुळजापूरला जायचंय, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथं देवीपर्यंत पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जास्त जाचतं. मग लिहा: 'यंदा नवरात्राच्या आधी तुळजापूरच्या पायऱ्या तू कुणाचा हात न धरता उतराव्यास.' मराठीत 'लाभो, होवो, मिळो' ही इच्छेची रूपं फार गोड आहेत, ती टाकून द्यायची गरज नाही. त्यांच्यापुढं ठेवलेली वस्तू तिची असली पाहिजे. शेती बघणाऱ्या भावाला 'तुरीला भाव लागो' म्हटलेलं 'समृद्धी लाभो'पेक्षा जवळचं वाटतं, कारण तो त्या दिवशी त्याच काळजीत असतो.

बिघडतं ते दोन-तीन ठिकाणी. एक, सगळं नीट लिहून झाल्यावर शेवटी हात शिवशिवतो आणि 'तू खरंच अद्भुत आहेस' जोडलं जातं. ओल्या जिन्यावर उभी असलेली आक्का त्या वाक्यानं पुन्हा घोळक्यात जाते. ते वाक्य खोडा. दोन, मजकूर हळूच स्वतःकडं वळतो: 'म्हणूनच आज मी इंजिनिअर झालो.' वाढदिवस तिचा आहे. त्या रात्रीचं पाणी तुमच्या नोकरीला जोडलं की तिच्या मायेचा हिशेब झाल्यासारखं वाटतं. तीन, आणि हे सगळ्यात नाजूक: नेमकी आठवण चारचौघांत सांगण्यासारखी असेलच असं नाही. आक्कानं तुमच्या फीसाठी पाटली गहाण ठेवली असेल आणि भाऊजींना ते माहीत नसेल, तर भावकीच्या ग्रुपवर ते लिहिणं म्हणजे तिला अडचणीत टाकणं. पैसे, दुखणी, भांडणात घेतलेली बाजू या गोष्टी तिला एकटीलाच लिहा, ग्रुपवर पाणी आणि जिना पुरे.

विशेषणाला अजिबात मज्जाव करावा असं मात्र मी म्हणणार नाही. 'चिबड'सारखा शब्द माणसासाठी सापडला तर तो जरूर वापरा. 'खमकी' हा तसा आहे. सगळ्या बायकांना खमकी म्हणता येत नाही, आणि काहींना तर म्हटलेलं आवडणारही नाही, म्हणूनच त्यात धार आहे. 'मोजकं बोलणारा', 'हट्टी', 'हिशेबाला पक्का' हेही चालतील. विरुद्ध शब्द चांगल्या माणसालाही लागू शकतो का, हे पाहा. अबोल माणूसही चांगला असतो, बडबडा माणूसही चांगला असतो, तेव्हा 'अबोल' म्हटल्यावर खरोखर काहीतरी सांगितलं जातं. असा एक शब्द घ्या, आणि एकच.

ज्यांच्याबद्दल काहीच ठाऊक नाही, त्या ऑफिसातल्या साहेबांना 'वाढदिवसाच्या शुभेच्छा, सर' एवढंच पाठवा. ओळख जेवढी आहे तेवढंच त्यात आहे, त्यामुळं ते पोकळ वाटत नाही.

आणि आक्का मोबाइलवर वाचत नसेल तर फोन करा. 'हॅपी बर्थडे' आधी म्हणू नका, नाहीतर ती 'हाव, बरं झालं फोन केलास' म्हणून जेवणाचं विचारेल आणि बोलणं तिथंच वळेल. पहिलंच वाक्य टँकरचं असू द्या. 'आक्का, त्या रात्री जिना ओला होता ना,' एवढं म्हणून गप्प राहा. पुढचं तिला आठवेल. त्या रात्री कोणती घागर फुटली आणि खालच्या मजल्यावरून कोण ओरडलं, हे तुम्हाला अजून माहीत नसेल.