वाक्य संपेपर्यंत गाणं पुढे निघून जातं

सोसायटीतल्या बायकांना मी तीन वर्षं एरोबिक्स शिकवतेय. त्यामुळे घरच्या लोकांसाठी मराठीत वीस मिनिटांचा व्हिडिओ करायचा म्हटल्यावर मला वाटलं, एका रविवारचं काम आहे. चार रविवार गेले.

संगीत मी मिनिटाला १२८ ठोक्यांचं घेतलं. अशा संगीतात आठ-आठ ठोक्यांचे चार गट मिळून बत्तीसचा एक तुकडा होतो आणि तो बरोबर १५ सेकंदांत संपतो. नवी हालचाल तुकड्याच्या पहिल्याच ठोक्यावर सुरू झाली पाहिजे, नाहीतर पाय आणि गाणं यांची फारकत झालेली लगेच जाणवते. म्हणजे पुढे काय करायचं हे सांगायला मागचे आठ ठोके मिळतात, जेमतेम पावणेचार सेकंद.

पहिल्या रविवारी मी म्हणत होते, "आता आपण उजवा पाय बाजूला टाकून डावा पाय त्याच्या शेजारी आणायचा आहे." व्हिडिओ लावून पाहिला तर ‘आणायचा आहे’ म्हणेपर्यंत नवीन तुकड्याचे दोन-तीन ठोके होऊन गेलेले. दोष माझ्या बोलण्याच्या वेगाचा नव्हता. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे करायचं काय ते ऐकणाऱ्याला सगळ्यात शेवटी कळतं. वर्गात हे कधी खटकलं नाही, कारण तिथे मी हाताने खूण करते आणि समोरच्या माझ्या पायांकडे बघून उचलतात. व्हिडिओ बघणारी बाई मात्र स्क्वॉटला खाली गेली की तिची नजर फोनवरून हटते. तेव्हा तिच्याजवळ फक्त माझा आवाज असतो.

मग वाक्य मोडूनच टाकलं. आधी हालचाल, नंतर बाजू आणि शेवटी ‘चला’. "बाजूला... उजवा... चला!" व्याकरणाच्या बाईंनी कपाळाला हात लावला असता, पण पाय वेळेवर पडायला लागले.

आकड्यांचा घोळ दुसऱ्या रविवारी लक्षात आला. मी स्क्वॉट उलटे मोजत होते, म्हणजे आठ, सात, सहा असे. आणि हालचाल बदलायच्या आधीचे ठोकेही "चार, तीन, दोन" असेच मोजत होते. नाशिकच्या आत्याला ते चित्रीकरण पाठवलं. तिचा फोन आला, "अगं, तू चार म्हणालीस म्हणून मी अजून चार बैठका मारायला घेतल्या आणि तू तर नाचायला लागलीस!" बरोबरच होतं तिचं. एका स्क्वॉटला चार ठोके लागतात, दोनात खाली आणि दोनात वर. तिचे चार म्हणजे सोळा ठोके आणि माझे चार म्हणजे चारच.

तेव्हापासून आकडे फक्त बैठकांसाठी ठेवले. एका तुकड्यात आठ स्क्वॉट बसतात. दर वेळी वर येताना किती राहिले तो आकडा म्हणायचा. तसाही वर येताना श्वास सोडायचा असतो, त्यामुळे आकडा त्या श्वासाबरोबर बाहेर पडतो आणि धाप लागलेली फारशी ऐकू येत नाही. सहावा झाला की "शेवटचे दोन". सातव्याला आकडा नाही, "पुढे बाजूला". आठव्याला "उजवा... चला!" आठव्याचा शेवटचा ठोका ‘चला’वर येतो आणि पुढच्याच ठोक्याला पाय बाजूला पडतो.

आत्याची दुसरी तक्रार अशी, "उजवा म्हणतेस आणि डावा हलवतेस." नाही गं आत्या, उलट आहे, मी उजवा म्हणून उजवाच हलवत होते! पण मी तिच्याकडे तोंड करून उभी होते आणि ती मला आरशासारखी बघत होती. माझा उजवा पाय तिच्या डाव्या बाजूला जायचा. आता तोंडाने ‘उजवा’ म्हणायचं आणि स्वतः डावा टाकायचा. हे अंगवळणी पडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, अजूनही जिना चढताना क्षणभर गोंधळ होतो.

उत्साहाचे शब्द शेवटी बसवले, कारण सगळ्यात जास्त नासधूस त्यांनीच केली होती. "सोडायचं नाही, दम आहे अजून!" असं मी नेमकी सूचनेच्याच जागी ओरडत होते. आता ते तुकड्याच्या मधल्या सोळा ठोक्यांत, दोन आकड्यांच्या मधे, तेही खाली जाताना. तिथे दोन ठोकेच मिळतात, म्हणून ‘शाब्बास’ बसतं, ‘खाली अजून’ बसतं, लांबलचक काही बसत नाही. आणि "शेवटचे दोन" म्हटल्यावर तिसरा घ्यायचा नाही. एका चित्रीकरणात मी जोशात चार जास्तीचे घेतले होते. आत्याने तिथेच व्हिडिओ बंद केला आणि चहा टाकला.