एएसव्ही चालू असताना अंगावर गांध्या उठतात तेव्हा

भातलावणी सुरू झाली की गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडून सर्पदंशाचे रुग्ण कोल्हापुरात यायला लागतात. ऊसतोडीच्या हंगामात पुन्हा तेच. मी इथं स्टाफ नर्स आहे. नर्सिंगच्या मुली वॉर्डात आल्या आणि प्रतिकारशक्तीचे प्रकार विचारायला लागल्या, की मी त्यांना वहीतला तक्ता मिटायला सांगते आणि सर्पदंशाच्या कॉटपाशी नेते. तक्त्यातलं बरंचसं तिथं एकाच माणसात बघायला मिळतं.

पन्नाशीचा शेतकरी, वजन साधारण ६० किलो, पायाला घोणस चावलेली. घोट्यापर्यंत सूज आणि हिरड्यांतून रक्त. पहिली तपासणी वीस मिनिटांची. कोऱ्या, कोरड्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये २ मि.ली. रक्त घ्यायचं, ट्यूब न हलवता २० मिनिटं उभी ठेवायची आणि मग एकदाच कलती करायची. रक्त पातळच वाहिलं, म्हणजे विषानं गोठण्याची क्रिया मोडली आहे. ट्यूब साबणानं धुऊन पुन्हा वापरलेली असेल तर मात्र चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही आणि माणसाला विनाकारण एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, लागते. म्हणून ट्यूब नवीच हवी.

आता प्रतिकारशक्ती. सूज, लाली, जखमेकडे धावणाऱ्या पांढऱ्या पेशी ही जन्मजात प्रतिकारशक्ती. ती लगेच कामाला लागते, पण समोर घोणसेचं विष आहे की बाभळीचा काटा, हे ओळखत नाही. ओळखून नेमकी अँटीबॉडी तयार करणं हे मिळवलेल्या प्रतिकारशक्तीचं काम, आणि त्याला दिवस लागतात. लहानपणी गोवर येऊन गेला किंवा धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, तर शरीर स्वतः अँटीबॉडी बनवतं आणि ती ओळख टिकवतं. ही सक्रिय. तयार अँटीबॉडी बाहेरून मिळाल्या तर ती निष्क्रिय. त्या लगेच काम करतात पण काही आठवड्यांत संपतात. आईकडून बाळाला नाळेतून आणि चिकातून मिळतात त्या याच प्रकारच्या.

घोणसेच्या विषापुढे दिवस मोजत बसायला वेळ नसतो, म्हणून एएसव्ही. घोड्यांना विषाचे छोटे छोटे डोस टोचतात. घोडा अँटीबॉडी बनवतो आणि त्याच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी आपण माणसाच्या शिरेत सोडतो. म्हणजे घोड्याची सक्रिय प्रतिकारशक्ती रुग्णासाठी निष्क्रिय होते. आपल्याकडची एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. घाटातल्या चापड्यावर ती लागू पडत नाही. याच रुग्णाला धनुर्वाताचंही इंजेक्शन द्यायचं असतं, पण रक्त गोठायला लागल्यावर. आधी दंडात सुई घातली तर तिथं रक्त साकळून गोळा होतो.

घोड्याचं प्रथिन माणसाच्या शिरेत गेल्यावर रिअ‍ॅक्शन येऊ शकते, हे गृहीत धरूनच मी तयारी करते. काही ठिकाणी अजून चामडीखाली टेस्ट डोस देऊन बघतात. त्याचा उपयोग नाही, कारण टेस्ट कोरी आलेल्यालाही नंतर जोराची रिअ‍ॅक्शन येते आणि टेस्टमध्ये वेळ जातो तो वेगळाच.

एएसव्हीच्या १० व्हायल. प्रत्येकीत सोबतचं १० मि.ली. पाणी घालायचं आणि व्हायल हातात सावकाश फिरवायची. जोरात हलवली की फेस येतो आणि पावडर नीट विरघळत नाही. सगळं मिळून १०० मि.ली. होतं. ५०० मि.ली. नॉर्मल सलाईनच्या बाटलीतून तेवढंच काढून हे त्यात भरते. पूर्ण बाटली साधारण तासाभरात जायची असते, पण पहिली दहा-पंधरा मिनिटं मी थेंब कमी ठेवते. लहान मुलालाही डोस हाच, कारण मात्रा विषाच्या हिशेबानं ठरते, वजनाच्या नाही. मुलासाठी फक्त सलाईन कमी घ्यायचं.

बाटली लटकवण्याआधी रिअ‍ॅक्शनवरचं पहिलं औषध, म्हणजे अ‍ॅड्रिनॅलिन भरून ठेवायचं. १ मि.ली.च्या अँप्यूलमध्ये १ मि.ग्रॅ. असतं, त्यालाच १:१००० म्हणतात. दोन सिरिंजमध्ये प्रत्येकी अर्धा मि.ली., वर पट्टी लावून नाव आणि मात्रा. ऑक्सिजनचा मास्क जोडलेला, सक्शन चालू करून बघितलेलं, नॉर्मल सलाईनची वेगळी बाटली नव्या सेटसकट टांगलेली. एएसव्हीआधीचं बीपी आणि पल्स कागदावर हवंच. नंतरचं ८४ हे पडलेलं बीपी आहे की त्याचं नेहमीचं, हे त्यावरूनच कळतं.

पहिला अर्धा तास कॉट सोडायची नाही. मॉनिटरपेक्षा रुग्णाकडे बघायचं. या शेतकऱ्याला १२४/८० बीपी आणि ८८ पल्सवर एएसव्ही सुरू झाली. दहाव्या मिनिटाला तो डोकं आणि तळहात खाजवायला लागला. "सिस्टर, अंगाला लई खाज सुटलिया, आन् गळ्यात कायतरी अडकल्यागत व्हतंय." सदरा वर केला तर पोटावर गांध्या. पाठोपाठ खोकला आणि एक उलटी. बीपी ८४/५०, पल्स १२८.

आत काय चाललेलं असतं? मास्ट पेशी नावाच्या पेशी चामडीत, श्वासनलिकांत, आतड्यांत आणि रक्तवाहिन्यांलगत असतात. त्या फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन आणि तसली इतर द्रव्यं एकदम सोडतात. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि त्यांतून पाणी झिरपतं, म्हणून बीपी पडतं. श्वासनलिका आवळतात. चामडीवर गांध्या उठतात आणि आतड्यांना पेटके येतात. पुस्तकातल्या पहिल्या प्रकारच्या अतिसंवेदनशीलतेत हे आयजीई अँटीबॉडीमुळे घडतं. पहिल्या संपर्कात शरीर आयजीई बनवून मास्ट पेशींवर बसवतं आणि दुसऱ्या संपर्कात स्फोट होतो. पेनिसिलिन, शेंगदाणा, गांधीलमाशी यांचं तसंच. एएसव्हीत मात्र बहुतेक वेळा आयजीईची गरज पडत नाही. घोड्याच्या प्रथिनांमुळे मास्ट पेशी दुसऱ्या वाटेनं चेतवल्या जातात. त्यामुळे "आधी कधी एएसव्ही घेतली नाही, म्हणजे धोका नाही" हा हिशेब इथं चुकतो. उपचार दोन्हींत एकच.

पहिलं काम, एएसव्ही बंद. नुसता क्लँप लावून त्याच सेटमधून सलाईन सोडायचं नाही. नळीत राहिलेली एएसव्ही त्या सलाईनबरोबर आत ढकलली जाते. सेट काढायचा, कॅन्युला तशीच ठेवायची आणि नवा सेट जोडायचा. एएसव्हीची बाटली फेकायची नाही, ती पुन्हा लागणार आहे.

तोवर डॉक्टरांना हाक गेलेली असते. आमच्याकडे लेखी स्टँडिंग ऑर्डर आहे, त्यामुळे अ‍ॅड्रिनॅलिनसाठी थांबावं लागत नाही. जिथं अशी ऑर्डर नाही, तिथं बाटली लावण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. अर्धा मि.ली., मांडीच्या मधल्या बाहेरच्या भागात, स्नायूत, सरळ सुई. मुलाला किलोमागे ०.०१ मि.ली., म्हणजे १५ किलोच्या पोराला ०.१५ मि.ली. घोणस ज्या पायाला चावली तो पाय सोडून दुसरा पाय घेते. रक्त पातळ असतानाही ही सुई टाळायची नाही, नंतर जागा बराच वेळ दाबून धरायची. चामडीखाली दिलं तर औषध उशिरा चढतं. मुलांवरच्या एका अभ्यासात स्नायूत दिल्यावर ते सरासरी ८ मिनिटांत रक्तात सर्वांत जास्त झालं, चामडीखाली दिल्यावर त्याला ३४ मिनिटं लागली. आणि तेच १:१००० तसंच्या तसं शिरेत ढकललं तर हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडतात. गडबडीत होणारी सर्वांत वाईट चूक हीच.

रुग्णाला आडवं ठेवून पाय उंच करते. धाप असेल तर पाठीला आधार देऊन बसवते, पण पाय कॉटवरच. उलटी होत असेल तर कूस. त्याला शौचाला उठू द्यायचं नाही. सैल पडलेल्या रक्तवाहिन्या घेऊन माणूस एकदम उभा राहिला, तर हृदयाकडे रक्तच परतत नाही आणि तो जागीच कोसळू शकतो. मास्कनं १० ते १५ लिटर ऑक्सिजन. नॉर्मल सलाईन जोरात, प्रौढाला अर्धा ते एक लिटर.

पाच मिनिटांनी बीपी ८८/५४, छातीत शिट्टीसारखा आवाज. दुसरी सिरिंज, दुसरा अर्धा मि.ली. तसा तो डोस देताना नातेवाईक विचारत होते, "बाई, त्याला एव्हीलची सुई का न्हाई मारत?" एव्हील आणि हायड्रोकॉर्टिसोन नंतर येतात. एव्हील खाज कमी करतं, पण पडलेलं बीपी उचलत नाही की आवळलेली श्वासनलिका सोडत नाही. हायड्रोकॉर्टिसोनला तर तासनतास लागतात. आधी ही दोन देऊन "बघूया" म्हणून थांबणं म्हणजे अ‍ॅड्रिनॅलिनची वेळ घालवणं. नाग-मण्यारच्या रुग्णात एव्हीलच्या गुंगीनं पापण्या जड झाल्या तर विष चढतंय की औषध, हेही कळेनासं होतं.

दुसऱ्या डोसनंतर दहा मिनिटांत बीपी ११०/७०, शिट्टी विरली, गांध्या फिक्या पडल्या. मग तीच एएसव्ही पुन्हा लावायची. हे ऐकून मुली दचकतात. पण विष अजून अंगात आहे आणि दुसरं औषध नाही. स्थिर झाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं अगदी सावकाश, नजर ठेवून, मग नेहमीच्या वेगानं. नुसती थंडी वाजून ताप आला, गांध्या-धाप-बीपी काही नाही, तर ती बऱ्याचदा द्रावणातल्या अशुद्धीची ज्वर-रिअ‍ॅक्शन असते. तरी थेंब थांबवून डॉक्टरांना दाखवायचंच. आणि सगळं शांत झाल्यावर काही तासांनी लक्षणं पुन्हा उसळू शकतात, म्हणून रात्रभर बीपी, लघवी, श्वास यांची नोंद. सहा तासांनी टेस्ट ट्यूब परत, यावेळी रक्त गोठलं.

दुसऱ्या प्रकारची अतिसंवेदनशीलता इथं नाही. चुकीच्या गटाचं रक्त चढवल्यावर अँटीबॉडी थेट रक्तपेशी फोडतात, ती ही. चौथ्या प्रकारात अँटीबॉडी नसतात, टी-पेशींचं काम असतं आणि ते उशिरा दिसतं, म्हणून टीबीसाठीची माँटूची टेस्ट ४८ ते ७२ तासांनी वाचायची. तिसरा प्रकार मात्र याच रुग्णाच्या वाट्याला येऊ शकतो. त्याचं शरीर घोड्याच्या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी बनवतं, दोन्हींचे गुंते रक्तवाहिन्यांत आणि सांध्यांत अडकतात. साधारण ५ ते १४ दिवसांत ताप, सांधेदुखी, अंगावर चट्टे, गाठी सुजणं. तोवर माणूस घरी गेलेला असतो आणि "पावसाचा ताप" म्हणून गावात गोळ्या घेतो. म्हणून सुट्टी देताना हे तोंडी सांगते आणि कार्डावर मराठीत लिहिते, बायकोला वाचून दाखवायला लावते.

कार्डावर "एएसव्हीची रिअ‍ॅक्शन" एवढंच लिहून थांबत नाही, कारण पुढच्या दवाखान्यात ते वाचून कुणी एएसव्हीच नाकारेल. तारीख, किती व्हायल, कितव्या मिनिटाला काय झालं, अ‍ॅड्रिनॅलिनचे किती डोस लागले, आणि खाली: पुन्हा विषारी साप चावून विष चढलं तर एएसव्ही द्यावीच, अ‍ॅड्रिनॅलिन आधी भरून ठेवून.