दोन भाऊ, दोन खोल्या आणि एक मेसेज

चेकआउटची गर्दी ओसरली होती आणि मी हाऊसकीपिंगला रिकाम्या खोल्यांची यादी देत होते, तेवढ्यात रिसेप्शनचा फोन वाजला. सकाळीच निघालेले गेस्ट होते. दोघे भाऊ सहकुटुंब आले होते, एकाच मजल्यावर दोन खोल्या घेऊन दोन रात्री राहिले होते. फोनवर धाकटे होते. आवाज चढलेला नव्हता, पण शब्द मोजून वापरत होते.

"मॅडम, तुमचा मेसेज आम्हा दोघांनाही आला. दादाने पाच स्टार दाबले, तर त्याच्या फोनवर गूगलचं रिव्ह्यूचं पान उघडलं. मी दोन दाबले, तर मला नुसता एक चौकोन दिसला, 'तुमची सूचना आम्हाला कळवा' म्हणून. आम्ही गाडीत शेजारीशेजारी बसलोय, दोन्ही फोन समोर आहेत. माझं मत लोकांना दिसू नये अशी ही व्यवस्था आहे का?"

मी त्यांना म्हटलं, "मला तासभर द्या, मी स्वतः बघून तुम्हाला फोन करते."

मी या हॉटेलचं फ्रंट ऑफिस सांभाळायला येण्याच्या आधीपासून तो मेसेज जात होता. बुकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चेकआउटचं बटण दाबलं की दहा मिनिटांत तो गेस्टच्या फोनवर पोचायचा. मजकूर असा होता : "आमच्याकडे राहिल्याबद्दल धन्यवाद! पाच स्टार देऊन आमच्या टीमचा उत्साह वाढवा आणि पुढच्या मुक्कामावर 10 टक्के सूट मिळवा." खाली पाच चांदण्या. मी सेटिंग उघडलं. चार किंवा पाच दाबणाऱ्याला गूगलची लिंक, एक ते तीन दाबणाऱ्याला आतला फॉर्म. धाकट्या भावाने गाडीत बसून जे ओळखलं, ते तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. सॉफ्टवेअरवाल्यांनी ही सोय 'नाराज ग्राहक आधी तुमच्याकडे येईल' अशा शब्दांत विकली होती.

हे गूगलच्या नियमांत बसत नाही. खूश दिसणाऱ्यांनाच वेचून रिव्ह्यू मागणं आणि नाराजांना अडवणं, दोन्हीला तिथे मनाई आहे. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट, पैसे किंवा वस्तू देण्यालाही आहे. ट्रिपअ‍ॅडव्हायझरचंही तेच म्हणणं. पण मला नियमापेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागली. आतल्या फॉर्ममध्ये लोकांनी लिहिलेलं कुठे जातं, ते मी शोधलं. ते एका ईमेलवर जात होतं आणि तो ईमेल मार्केटिंग बघणारा मुलगा उघडायचा. देखभालीच्या माणसाकडे त्यातलं काहीच पोचत नव्हतं. मी मागचे मेसेज चाळत गेले. धाकटे भाऊ ज्या खोलीत राहिले होते, त्याच खोलीबद्दल वेगवेगळ्या गेस्टनी एकच तक्रार लिहिली होती : खोली लिफ्टला लागून आहे, रात्रभर लिफ्टची घंटी वाजते, भिंतीतून घरघर येते, झोप होत नाही. त्या लोकांनी वेळ काढून लिहिलं, पण ते आम्ही वाचलं नाही आणि पुढच्या गेस्टलाही वाचू दिलं नाही. त्या खोलीत नवा माणूस प्रत्येक वेळी काहीच माहीत नसताना झोपायला गेला.

तासाभराने मी त्यांना फोन केला. म्हटलं, "तुमचं बरोबर आहे. कमी स्टार देणाऱ्याला वेगळ्या पानावर नेलं जातं. हे आज बंद करतोय. तुम्हाला गूगलवर लिहायचं असेल तर ही लिंक पाठवते, जसं वाटलं तसं लिहा." त्यांनी लिहिलं. दोन स्टार दिले, लिफ्टच्या आवाजाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि मेसेजच्या त्या चाळणीबद्दल दोन.

संध्याकाळी मॅनेजर सर आले ते तो रिव्ह्यू वाचूनच. म्हणाले, "त्यांना एक रात्र मोफत देऊ, रिव्ह्यू बदलून घेऊ." मी नाही म्हटलं. लिहिलेला रिव्ह्यू बदलण्यासाठी किंवा काढण्यासाठी काही देऊ करणं हेसुद्धा त्याच नियमाखाली येतं आणि ज्या माणसाने आमची चाळणी पकडली, त्याच्यासमोर आमिष ठेवणं म्हणजे त्याचंच म्हणणं खरं करून देणं. झोप झाली नाही म्हणून भरपाई द्यायची असेल तर जरूर द्यावी, पण ती चेकआउटच्या वेळी, तक्रारीवर द्यावी. तिचा रिव्ह्यूशी संबंध नको. सरांना हे पटायला वेळ लागला. शेवटी आम्ही रिव्ह्यूखाली साधं उत्तर लिहिलं : आवाज येतो हे खरं आहे, त्याचं काय करतोय ते, आणि मेसेजमधली ती रचना काढली आहे.

मग मेसेजच्या मजकुरावर बसलो. चाळणी आणि कूपन काढणं सोपं होतं. कूपनचा आणखी एक घोळ होता. व्हॉट्सअ‍ॅपच्या बिझनेस टेम्प्लेटमध्ये, म्हणजे व्यवसायांनी आधी मंजूर करून घेतलेल्या ठरावीक मजकुरात, झालेल्या व्यवहाराबद्दल अभिप्राय विचारणं व्यवहाराच्या मेसेजच्या प्रकारात मोडतं, पण त्यात सवलतीची ओळ घातली की तोच मेसेज मार्केटिंगमध्ये जातो. म्हणजे आम्ही मत विचारतोय असं म्हणत जाहिरात पाठवत होतो.

सरांनी सुचवलेली ओळ होती, "मुक्काम आवडला असेल तर रिव्ह्यू द्या, काही खटकलं असेल तर आम्हाला सांगा." ही ओळ फार ठिकाणी दिसते आणि ऐकायला सभ्य वाटते. पण सॉफ्टवेअर जे बटणाने करत होतं, तेच हे वाक्य शब्दांनी करतं. आवडलेल्याने बाहेर बोलावं, खटकलेल्याने आत. म्हणून मी हट्ट धरला की लिंक आणि आमचा फोन नंबर दोन्ही सगळ्यांना, एकाच मेसेजमध्ये, कुठलाही 'असेल तर' न घालता द्यायचे. लिंकआधी चांदण्या नकोत, 'पाच' हा आकडा कुठेच नको. आमच्या टीमच्या उत्साहाची ओळही मी काढली. काउंटरवर हसून निरोप देणाऱ्या मुलाचा चेहरा आठवला की माणूस खरं लिहायला कचरतो.

शेवटी ठरलेला मजकूर असा : "नमस्कार. काल तुम्ही आमच्याकडून चेकआउट केलंत. मुक्कामात काय चांगलं होतं आणि काय खटकलं, ते जसं होतं तसं खालच्या लिंकवर लिहिलंत तर पुढे खोली निवडणाऱ्यांना उपयोग होईल. आमच्याशी थेट बोलायचं असल्यास या नंबरवर फोन करा. लिहिलंच पाहिजे असं नाही. हा मेसेज पुन्हा येणार नाही."

'काल' हा शब्द वेळ बदलल्यामुळे आला. दहा मिनिटांत जाणारा मेसेज गेस्ट टॅक्सीत सामान चढवत असताना पोचतो. तेव्हा माणूस एक तर पटकन पाच दाबून मोकळा होतो किंवा बघतच नाही. आता तो दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा जातो. आठवडा थांबलो असतो तर गाडीचा प्रवासच जास्त आठवला असता, उशी आणि गरम पाणी विसरलं गेलं असतं.

एवढं करून काम झालं असं सरांना वाटलं, मला मात्र एका पळवाटेची शंका होती. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये चेकआउट करताना 'मेसेज पाठवू नका' असा एक चौकोन असतो. मी त्या महिन्याची चेकआउटची यादी काढली, मेसेज गेलेल्यांची यादी काढली आणि शेजारी तक्रारींचं रजिस्टर ठेवलं. ज्यांना मेसेज गेला नव्हता, त्यांच्यातली बहुतेक नावं रजिस्टरमध्ये सापडली. म्हणजे यंत्रातली चाळणी काढली तरी काउंटरवर माणसाच्या हातात दुसरी होतीच. कुणाला चाळणीचा संशय असेल तर या तीन याद्या शेजारीशेजारी ठेवाव्यात, दहा मिनिटांत कळतं.

रिसेप्शनवरच्या मुलांना मी बोलावलं. त्यांच्या मनात पाप नव्हतं. एकजण म्हणाला, "ताई, आधीच चिडून गेलेल्या माणसाला वर आपणच मेसेज करून छळायचं का?" प्रश्न चुकीचा नव्हता. गेस्टने स्वतः सांगितलं असेल की मला काही पाठवू नका, तर ते पाळलंच पाहिजे. पण तो राग धरेल असा अंदाज करून आपण त्याच्या वतीने ठरवायचं नाही. आता तो चौकोन गेस्टने सांगितल्यावरच टिक करायचा आणि शेजारी तसं लिहायचं, असं ठरलं. तक्रार मिटलेली असो वा नसो, मेसेज सगळ्यांना एकाच वेळी जातो. काउंटरवर उभं राहून "जाता जाता रिव्ह्यू देऊन टाका ना" म्हणणंही बंद केलं. समोर माणूस उभा असताना त्याच्याच सेवेबद्दल कोण खरं लिहील?

नंतरच्या काळात रिव्ह्यूंची संख्या घटली. कूपनसाठी लिहिणारे गेले, आठवणीचा दुसरा मेसेजही जात नाही. सरासरीही थोडी खाली आली. सरांच्या कपाळावर आठ्या होत्या आणि मी त्यांना दोष देत नाही, बुकिंग त्या आकड्याकडे बघून येतं. पण रिव्ह्यू लांब झाले. पूर्वी 'छान', 'मस्त', 'उत्तम सेवा' अशा दोन शब्दांवर संपायचे. आता तीन आणि चार स्टारवाले लिहितात की सकाळी सातनंतर नाश्त्याला जागा मिळत नाही, मागच्या बाजूच्या खोल्या शांत आहेत, वरच्या मजल्यावर गरम पाणी यायला वेळ लागतो. मला सगळ्यात उपयोगी हेच रिव्ह्यू वाटतात, कारण लिहिणारा ना रागात असतो ना भारावलेला. मी ते छापून दर सोमवारी देखभालवाल्यांना देते.

लिफ्टच्या खोलीचं म्हणाल तर लिफ्टवाल्या कंपनीच्या माणसाने मजला आल्याची घंटी रात्रीपुरती बंद करून दिली. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी बसवली. मोटरची घरघर मात्र भिंतीतूनच येते, ती गेली नाही आणि भिंत न फोडता जाणारही नाही. म्हणून बुकिंगच्या पानावर त्या खोलीपुढे 'लिफ्टलगत, आवाज जाणवतो' असं लिहिलं आणि भाडं थोडं कमी केलं. गाढ झोपणारे आणि गुडघ्यांमुळे लिफ्टजवळच राहायचं असणारे आता ती खोली मागून घेतात.

सरांचा एक आग्रह अजून शिल्लक आहे. रिव्ह्यूमध्ये ज्या कर्मचाऱ्याचं नाव येईल त्याला महिन्याला बक्षीस द्यावं, असं त्यांना वाटतं. मी विरोधात आहे, कारण बक्षीस कर्मचाऱ्याला असलं तरी नाव घाला म्हणून विनवणी गेस्टलाच होणार. पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय पुन्हा निघणार आहे आणि मी तीन याद्या सोबत घेऊन बसणार आहे.