रॉयल्टीचा आठवणसंदेश: सहा टक्के, पण कशावर?

आमची कोकणी खाद्यपदार्थांची छोटी साखळी आहे. मुख्य कार्यालय चिपळूणला, आणि तिथे फ्रँचायझी आउटलेटचे हिशेब मी बघते. दर महिन्याला प्रत्येक आउटलेटमालकाला रॉयल्टीची आठवण करून द्यायची, हे त्यातलंच काम. कार्यालयात आधीपासून चालत आलेला मजकूर असा होता: “मे महिन्याची रॉयल्टी सहा टक्के प्रमाणे लवकरात लवकर जमा करावी.”

रत्नागिरीच्या आउटलेटमालकांनी, आम्ही त्यांना काका म्हणतो, मे २०२५ चे २८,५६० रुपये काढले. माझ्या हिशेबाने ३०,००० होत होते. मी फोन केला, तर काकांचा थेट प्रश्न: “ताई, ॲपवाल्यांकडून बँकेत आले शहात्तर हजार. तुम्ही एक लाख कुठून धरलेत?”

काकांचं गणित चोख होतं, फक्त आधार वेगळा होता. काउंटरवरची बिलं जीएसटीसकट ४,२०,००० रुपयांची. त्यातला पाच टक्क्यांचा जीएसटी २०,००० वजा केला की उरले ४,००,०००. इथपर्यंत आमचं एकमत होतं. घरपोच ॲपवरच्या ऑर्डर १,००,००० रुपयांच्या होत्या. ॲपने २४,००० कमिशन आणि इतर आकार कापून ७६,००० जमा केले, आणि काकांनी तेच विक्री म्हणून धरले. करारात मात्र निव्वळ विक्री म्हणजे बिलाची रक्कम, त्यातून जीएसटी, बिलावरच दिलेली सवलत आणि रद्द बिलं वजा. ॲपचं कमिशन हा आउटलेटचा खर्च, तो विक्रीतून वजा होत नाही. २४,००० चे सहा टक्के १,४४०, नेमका तेवढाच फरक. मला हे महत्त्वाचं वाटलं, कारण असा फरक दर महिन्याला साठत गेला की माणसांना एकमेकांच्या दानतीबद्दल शंका यायला लागते.

आणखी एक गोष्ट तपासली. १ जानेवारी २०२२ पासून रेस्टॉरंटच्या ॲपवरच्या ऑर्डरींचा जीएसटी ॲपच भरतं. आमच्या बिलिंग मशीनच्या रिपोर्टमध्ये ॲपची विक्री त्यामुळे कराशिवायच येते. संपूर्ण बेरजेला सरसकट १.०५ ने भागलं तर ॲपच्या आकड्यातून नसलेला कर वजा होतो आणि विक्री कमी दिसते. म्हणून काउंटर आणि ॲप या दोन ओळी वेगळ्या ठेवायच्या असं ठरवलं.

टक्क्यांचाही घोळ होताच. रॉयल्टी सहा टक्के, तिच्यावर जीएसटी अठरा टक्के, आणि काकांची भागीदारी पेढी दहा टक्के टीडीएस कापते. टीडीएस फक्त रॉयल्टीवर, जीएसटीवर नाही, आणि तेही बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर. हे सगळं एका वाक्यात कोंबण्यापेक्षा प्रत्येक टक्क्यापुढे तो कशावर आहे ते लिहिणं बरं. “लवकरात लवकर” काढून तारीख घातली, आणि त्या दिवशी पैसे निघायला हवेत की पोचायला, तेही. शेवटी मजकूर असा झाला:

“काका, नमस्कार. मे २०२५ ची रॉयल्टी.
काउंटर विक्री (जीएसटी वगळून): ४,००,०००
ॲप विक्री (कमिशन कापण्याआधीची): १,००,०००
निव्वळ विक्री: ५,००,०००
रॉयल्टी, निव्वळ विक्रीच्या ६ टक्के: ३०,०००
जीएसटी, रॉयल्टीच्या १८ टक्के: ५,४००
वजा टीडीएस, रॉयल्टीच्या १० टक्के: ३,०००
भरायची रक्कम: ३२,४००
मंगळवार, १० जून २०२५ पर्यंत आमच्या खात्यात जमा व्हावी. आकडे तुमच्या बिलिंग मशीनच्या मासिक रिपोर्टमधले आहेत. फरक दिसला तर ५ जूनपर्यंत कळवा.”

व्याजाचं वाक्य मी मुद्दाम गाळलं. मुदत टळायच्या आधीच व्याज दाखवलं तर ती आठवण राहत नाही, धमकी होते. मागची बाकी असेल तर तिचाही वेगळा संदेश. दोन महिने एका रकमेत मिसळले की पैसे कुठल्या बिलापोटी आले ते दोन्हीकडे कळत नाही.

काकांनी आकडे रिपोर्टशी ताडून पाहिले, कराराचं ते कलम पुन्हा वाचलं आणि ३२,४०० मुदतीत जमा केले. सोबत एक नवा प्रश्न पाठवला: ३१ मेच्या रात्रीची एक ऑर्डर ॲपने २ जूनला रद्द केली, ती कुठल्या महिन्यात धरायची? करारात याचा उल्लेख नव्हता. आमच्या साखळीच्या मालकांशी बोलून ठरलं की ज्या महिन्यात बिल रद्द होईल त्याच महिन्याच्या विक्रीतून ते वजा करायचं. जूनच्या संदेशात त्यासाठी “मागील महिन्याची रद्द बिलं” अशी एक ओळ वाढवली आहे, आणि बाकीच्या आउटलेटनाही तोच साचा जातो.